लघुकथा: टण् (आणि एक शंका)

रंकाळ्याकाठी

मंडळी, एका अंकासाठी छोटी कथा पाठवली होती. ‘शेवट फार सोपा झालाय’ एवढ्या एका ओळीसकट परत आली. राग आला, मग वाटलं, असेलही. कोल्हापूरच्या बापट कॅम्पात चार दुपारी एका कुंभाराच्या अंगणात बसून मी हे काम बघितलं आहे, पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. तेव्हा शेवट सोपा आहे का, आणि कुंभारकामात काही चुकलंय का, दोन्ही सांगा. कथा ही:

*

वैजूनं आवा उघडला तेव्हा ऊन अंगणाच्या निम्म्यावर आलं होतं. वरच्या खापऱ्या तिनं काठीनं सरकवल्या, राख खराट्यानं बाजूला लोटली. शेणी आणि चिपाडाची राख, पांढरी, पिठासारखी. खालून गाडगी दिसायला लागली. दह्याची, अर्ध्या लिटरची, नऊ.

एरवी ही गाडगी दादाच्या गणपतीच्या कामात कुठंतरी कोपऱ्यात पडायची आणि आज्जी बाजाराच्या दिवशी टोपलीत घालून न्यायची. वैजू बरोबर जायची, पण टोपलीच्या मागं बसायची. कुणी भाव विचारला की ती आज्जीकडं बघायची. आज्जीनं कोपरानं ढोसलं तर म्हणायची, पण गिऱ्हाइकाला नाही, गाडग्याला.

आता आज्जीचे गुडघे गेले आणि बाजार बंद झाला.

तिनं फोन विटेला टेकवून ठेवला. तोंड दिसणार नाही असा, फक्त हात आणि गाडग्यांची ओळ. मग रोज करायची तेच केलं. बोटाचं पेर एकेका गाडग्यावर मारत गेली. टण्. टण्. टण्. आज्जीनं सांगितलेलं, डोळ्यानं बघू नको, कानानं बघ. सातव्यावर पेर पडलं आणि आवाज आला, भद्. तिनं ते उचललं, चौकटीच्या बाहेर ठेवलं आणि पुढचं घेतलं. टण्. टण्.

अडतीस सेकंद झाले. सातवं कापून टाकावं असं तिच्या मनात आलं, पण कापायचं कसं ते माहीत नव्हतं. खाली तिनं एवढंच लिहिलं: दह्याची गाडगी. पाठवायचं बटण दाबलं, फोन पालथा घातला आणि माती तुडवायला गेली.

संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी बघितलं. त्यातली तीनदा मामाची पोरगी.

रात्री जेवणं झाल्यावर फोन वाजला. अनोळखी बाई, पुण्याच्या. ‘फुटकं बाजूला ठेवलंत ते बघितलं. सहा पाठवाल का? झाकणासकट. किती होतील?’

वैजूनं पन्नास लिहिलं, खोडलं. ऐंशी लिहिलं, खोडलं. साठ लिहून डोळे मिटून पाठवलं. लगेच वाटलं जास्त झालं, म्हणून खाली जोडलं: घरपोच.

‘चालेल,’ बाई म्हणाल्या.

सकाळी तिनं आठातली सहा निवडली, पिंजरात गुंडाळली, खोक्यात बसवली. आज्जी उंबऱ्यात बसून ऐकत होती.

“कुठं निघालीस गं?”

“कुरिअरला. मी देऊन येते.”

“कुणाचं हाय?”

वैजू चप्पल पायात सरकवताना थांबली. “माझ्या गिऱ्हाइकाचं,” ती म्हणाली. आज्जीकडं बघून.

*

संपली. बोला आता.

नादखुळा

सातवं गाडगं म्हणजे मी. दहावीला सगळे टण्, मी भद्. आईनं पण चौकटीच्या बाहेरच ठेवलंतं.

कथा भारी. अंकवाल्यांना मिसळ पाठवा, सुधारतील.

प्राची_ठाणे

किती छान! मला पण हवी आहेत, आठ. वैजूताईंचा नंबर मिळेल का? ठाण्याला पाठवतात ना?

समांतर

प्राची, कथा आहे ती.

रंकाळ्याकाठी, मला कथा आवडली, पण अंकवाल्यांशी सहमत. ‘आज्जीकडं बघून’ हा शेवट आधीपासून दिसतो. ती सुरुवातीला नजर चुकवते असं तुम्ही सांगितलंत, म्हणजे शेवटी ती बघणार हे ठरलेलं. मधली गोष्ट मात्र खरी वाटली. व्हिडिओ कापता येत नाही म्हणून फुटकं गाडगं राहून गेलं आणि ऑर्डर त्याच्यामुळंच आली. तिथं तुम्ही काही समजावत बसला नाहीत. शेवटाला मात्र समजावलंत.

गंगावेस

मी कुंभाराच्या घरातला. वडील, चुलते सगळे हेच करायचे, मी नोकरी केली आणि आता निवृत्त. चाक वयाच्या बाविशीत सुटलं, पण कान अजून आहेत. म्हणून लिहितो. ताईंनी नीट बघितलंय, चिपाडाची राख पांढरी पडते हेसुद्धा बरोबर. दोन जागा मात्र खटकल्या.

पहिली छोटी. ओळीत ठेवलेल्या गाडग्यावर नुसतं पेर मारलं तर आवाज फसवतो. खाली जमीन आणि बाजूला दुसरं गाडगं टेकलेलं असलं की चांगलं गाडगंसुद्धा भद् बोलतं. एकेक उचलायचं, तळहातावर सैल ठेवायचं, बोटं वर येऊ द्यायची नाहीत, आणि मग मारायचं. वाजणारी वस्तू मोकळी असावी लागते, देवळातली घंटा धरून बडवली तर वाजेल का?

दुसरी जागा मोठी. सकाळी आवा उघडला आणि दुसऱ्या सकाळी गाडगी कुरिअरला. आमच्या वडलांनी पोरीला उंबऱ्याच्या बाहेर पडू दिलं नसतं. आपल्याकडच्या मातीत चुनखडी असते. काळ्या रानात नांगरताना पांढरे खडे वर येतात ते. असा ज्वारीएवढा खडा गाडग्याच्या अंगात राहिला तर भाजेपर्यंत काही कळत नाही. आव्यात तो भाजतो आणि त्याची चुनकळी होते. तेव्हाही गाडगं टण् वाजतं, कुठं रेघसुद्धा नसते. मग ही कळी हवेतली ओल ओढायला लागते, फुगते आणि वरची माती उचलून फेकते. नखाएवढी चकती पडते आणि खड्ड्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो. पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत, कोरड्या दिवसांत पंधरवडाही लागतो.

म्हणजे वैजूनं कानानं निवडलेली सहाही पक्की असू शकतात आणि तरी त्यातलं एक पुण्यात फुटू शकतं. कान हे सांगत नाही.

रंकाळ्याकाठी

गंगावेसकाका, हे मला त्या अंगणात कुणी सांगितलंच नाही! खरं तर पांढरे ठिपके मी बघितले होते, मला वाटलं चुन्याची बोटं लागली असतील.

विज्ञानमास्तर

चकती उडण्याचं मुख्य कारण हवेचे बुडबुडे. माती नीट मळली नाही की आत हवा अडकते, ती तापल्यावर प्रसरण पावते आणि मडकं फुटतं. म्हणून माती तुडवण्याला एवढं महत्त्व. चुनखडी असेल तर ओळखायला सोपा उपाय: वाळलेल्या मातीची पूड करा आणि लिंबू पिळा. फसफसली की समजा चुना आहे, ती माती वापरू नका.

गंगावेस

मास्तर, लिंबाचं बरोबर, पण निम्मंच. पीठ झालेला चुना मातीत सगळीकडं मिसळलेला असला तरी फसफसतो, आणि तो काही त्रास देत नाही. त्रास खड्याचा. फसफसणारी माती टाकायची म्हटलं तर निम्म्या जिल्ह्यातले कुंभार बसून राहतील. माती पाण्यात कालवून रबडीसारखी करायची आणि मैद्याच्या चाळणीतून गाळायची. वर राहील ते फेकायचं. मच्छरदाणीची जाळी पुरत नाही, मोठे खडे तेवढे अडकतात, बारीक खाली जातात.

बुडबुड्याचं म्हणाल तर हवा फोडत नाही, ओल फोडते. गाडगं वरून वाळलेलं दिसतं, आत जाड बुडाला ओल असते, आव्याचा जाळ एकदम वाढवला की त्या ओलीची वाफ होते आणि बूड उडतं. ते आव्यातच होतं आणि आवाज बाहेर अंगणात येतो. भाजून, निवून, चार दिवसांनी कपाटात बसल्या बसल्या चकती उडाली तर तिथं वाफ कुठली?

विज्ञानमास्तर

वाफेचं मान्य. पण बुडबुडा असलेल्या जागी भिंत पातळ होते, तिथूनच फुटतं, म्हणजे मळणं महत्त्वाचं आहेच.

गंगावेस

मळणं महत्त्वाचं नाही असं म्हटलंय कुणी?

नादखुळा

दोघांच्या डोक्यावर टिचकी मारून बघायला गोरोबाकाका पाहिजेत या धाग्यावर.

आक्का_शाहूपुरी

अरे, त्यांनी टिचकी नव्हती मारली, थापटणं मारलंतं. मुक्ताबाई म्हणाली, यातली पक्की कुठली, कच्ची कुठली सांगा, आणि हे उठले थापटणं घेऊन. बाकीचे गप बसले, नामदेव तेवढे तक्रार करत उठले. म्हणून नामदेव कच्चे ठरले.

गंगावेस

आक्का, आमच्यात लहानपणी हीच गोष्ट सांगून चुलते हसायचे. थापटणं हे ओल्या मडक्याचं हत्यार. आत दगडी गोळा धरायचा आणि बाहेरनं थापटून अंग वाढवायचं. भाजलेल्याला थापटणं लावलं तर पक्कं असलं तरी फुटंल. चुलते म्हणायचे, नामदेव कच्चे नव्हते, हुशार होते.

आक्का_शाहूपुरी

हे आवडलं.

आता माझी शंका. कथेत पोरगी चाकावर बसते का फक्त भाजते? माझ्या सासूबाईंच्या माहेरी कुंभारकाम होतं. त्या सांगायच्या, बायका माती आणायच्या, गाळायच्या, तुडवायच्या, थापटायच्या, रंगवायच्या, बाजारात विकायच्या, पण चाकाला हात लावायचा नाही. चाक फिरवणार गडीमाणूस. म्हणजे कामाचे बारा आणे बायकांचे आणि कुंभार म्हणायचं बाप्याला.

रंकाळ्याकाठी

मी बघितलं त्या घरात मुलगी विजेच्या चाकावर बसत होती. काठीनं फिरवायचं जुनं दगडी चाक माडीवर जायच्या जिन्याखाली पडून होतं, त्यावर पाण्याची बादली.

वारणाकाठ

आमच्याकडं आज्जी स्वतः चाकावर बसायची. 1970च्या आसपासची गोष्ट. आजोबा लवकर गेले म्हणून असेल. कुणी काही बोललं नाही.

गंगावेस

आमच्यात मनाई होती. कारण कुणी सांगत नव्हतं, ‘नसतं’ एवढंच. चाक जड, काठीनं जोर लावून फिरवायचं, हे एक कारण सांगतात, पण डोक्यावर वीस घागरी नेणाऱ्या बाईला चाक जड होईल हे मला कधी पटलं नाही. विजेचं चाक आल्यावर ते कारणही गेलं. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018ला आली त्यात विजेची चाकं दिली, बायकांनाही. वारणाकाठ म्हणतात तसं घराघराचं वेगळं असणार.

चटणीवाली

मी कुंभारकामातलं काही सांगू शकत नाही, पण ‘घरपोच’ वाचून पोटात गोळा आला. मी कांदा-लसूण चटणी विकते. माझी पहिली ऑर्डर नाशिकची, दोन किलो. मीपण असंच लाजून घरपोच म्हणाले. तेल सुटलं, खोकं लाल झालं, कुरिअरवाल्यानं फोन करून विचारलं, मॅडम आत काय आहे, रक्त आहे का? तिथून पुढं मी बरणीचं झाकण मेणानं बंद करते आणि पोचवायचे पैसे आधी सांगते.

वैजूचा हिशोब करून बघा. सहा गाडगी, प्रत्येकी अकरा सेंटिमीटर रुंद धरा, झाकणासकट चौदा उंच. दोन ओळीत तीन-तीन, मध्ये आणि कडेनं तीन-तीन बोटांचं नाही तर निदान तीन सेंटिमीटरचं पिंजर. खोकं होतं साधारण 45 बाय 32 बाय 20. आता कुरिअरवाला काट्यावर ठेवतो, साडेतीन-चार किलो भरतं, तुम्ही खूश. मग तो टेप काढतो. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार भागिले 5000. होतात पावणेसहा, म्हणजे सहा किलो. जे जास्त असेल त्याचे पैसे. मला गेल्या महिन्यात पुण्याला किलोला 70 पडले. सहा सत्ते बेचाळीस, म्हणजे 420. गाडग्यांचे मिळणार 360.

पोरगी साठ रुपये पदरचे घालून आली, आणि त्यात माती, शेणी, खोकं, चार दिवसांची मेहनत धरलेलीच नाही. आणि कथेत ती ऐटीत ‘माझ्या गिऱ्हाइकाचं’ म्हणते! मला हसूही आलं आणि रडूही.

मिरजकर_विठू

कुरिअर कशाला, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकायचं पार्सल. ड्रायव्हरला सांगितलं की मांडीवर घेऊन जातो. शंभर-दीडशे रुपयांत काम.

चटणीवाली

मांडीवर! माझी चटणी डिकीत पुण्याच्या पुढं मुंबईला गेली होती. परत आली नाही. आणि स्वारगेटला पहाटे पाचला कोण उभं राहणार, ती बाई?

समांतर

गंमत बघा, शेवट सोपा आहे हे मी भावनेच्या अंगानं म्हणत होतो. चटणीवालीनं ते हिशोबानं सिद्ध केलं.

नादखुळा

तरी पण मला शेवट आवडला. साठ रुपयात गिऱ्हाईक मिळालं, स्वस्त आहे. लोक पोरगी बघायला जाताना पेढ्यालाच एवढे घालवतात.

एक चूक मात्र माझ्यासारख्या अडाण्यालापण दिसली. बापट कॅम्पातली पोरगी ‘मी देऊन येते’ म्हणेल? कधीच नाही. ‘मी देऊन येतो’ म्हणेल. आमच्या घरात सगळ्या बहिणी ‘जातो, येतो, आलो’. पुण्याची वहिनी आली तर तिला पहिले सहा महिने वाटलं घरात सगळे बाप्येच आहेत.

रंकाळ्याकाठी

हे बरोबर!! मी स्वतः ‘येतो’च म्हणते, लिहिताना हात पुस्तकी झाला.

प्राची_ठाणे

सॉरी, माझ्या लक्षात आलं कथा आहे ते. पण गंगावेसकाकांना विचारते, माझ्याकडे एका प्रदर्शनातून आणलेलं दह्याचं मडकं आहे. पहिल्याच रात्री विरजण लावलं तर सकाळी दह्यात मातीचा तुकडा! मला वाटलं मी कुठे आपटलं असेल. हेच का ते?

गंगावेस

खड्ड्यात पांढरं दिसतंय का? आणि भोवतीनं बारीक चिरा नसून स्वच्छ बशीसारखा खळगा आहे का? दोन्ही असेल तर हेच. आपटलं असतं तर काठ उडाला असता आणि आत सगळं लालच दिसलं असतं.

आणि तुम्ही ही गोष्ट आणली ते बरं झालं, कारण मला जे सांगायचं राहिलं होतं ते हेच. दह्याचं गाडगं घागरीपेक्षा जास्त फसवतं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत ते आमच्या अंगणात महिनाभर गप बसेल. मग गिऱ्हाईक घरी नेतं आणि पहिल्यांदाच त्यात ओतणार दूध. गाडगं दह्याचं पाणी पितं म्हणून तर दही घट्ट लागतं. ते पाणी अंगात शिरतं, कळीपर्यंत पोचतं आणि जे महिनाभर झालं नाही ते एका रात्रीत होतं, तेही गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात.

म्हणून आमचे वडील गाडगी आव्यातून काढली की हाताला सोसेल इतकी कोमट असतानाच पाण्याच्या काहिलीत बुडवायचे. एक पूर्ण दिवस. कळी असली तर तिला भरपूर पाणी एकदम मिळतं, बरेचदा ती जागच्या जागी विरून चिखल होते आणि फुगून ढकलायचा जोर राहत नाही. ज्या गाडग्यात खडा मोठाच आहे ते उडतं, पण आपल्या दारात उडतं. मग सावलीत चार-पाच दिवस वाळवायची आणि पुन्हा टण् ऐकायचं. ओलं गाडगं चांगलं असलं तरी मंदच वाजतं, म्हणून वाळल्याशिवाय ऐकू नये.

विज्ञानमास्तर

पण गरम मडकं पाण्यात घातलं तर तडकणार नाही का? आणि विकायच्या आधीच गाडगं पाणी प्यायलं तर त्याची दही घट्ट करायची ताकद कमी होईल.

गंगावेस

कोमट म्हटलंय, गरम नाही. आव्यातनं तापलेलं काढून घातलं तर तडकेलच. दुसऱ्याचं म्हणाल तर वाळलं की पाणी उडून जातं, पोकळ्या पुन्हा मोकळ्या. पण चुलते हे मानायचे नाहीत. ते म्हणायचे, पहिलं पाणी दुधाचंच पडू दे, गाडगं त्याच वासाचं होतं. ते बुडवायचे नाहीत, नुसतं पावसाळ्यापर्यंत ठेवून द्यायचे. दोघांची गिऱ्हाइकं वेगळी होती आणि दोघांची भांडणं आम्ही जेवताना ऐकायचो.

वारणाकाठ

मुळात पन्हाळ्याच्या बाजूची तांबडी माती मिसळली तर खडेच कमी येतात. आज्जी काळी निम्मी, तांबडी निम्मी घ्यायची, वर घोड्याची लीद.

गंगावेस

खडे कमी येतात, हो. पण निम्मी तांबडी म्हणजे चाकावर माती तुटते, हाताखाली उभी राहत नाही. तुमच्या आज्जी थापटून मोठी मडकी करत असतील. छोट्या गाडग्याला एवढी तांबडी मी तरी बघितली नाही.

आक्का_शाहूपुरी

सगळं ठीक, पण त्या सातव्या गाडग्याचं काय झालं? ते का भद् वाजलं? त्यातच तर सगळी गोष्ट आहे.

गंगावेस

बुडाची चीर असणार. चाकावर बुडाची माती बोटानं दाबून बसवली नाही की वाळताना काठ आधी आवळतो, बूड मागं राहतं आणि मधोमध वळणदार चीर पडते. कधी कधी ती केसाएवढी असते, दिसत नाही, पण वाजते. नाही तर आवा पुरता निवायच्या आधी उघडला, गार वारा लागला, तरी चिरतं. ताईंनी ऊन अंगणाच्या निम्म्यावर आल्यावर उघडलाय, तेव्हा घाई नाही. मी बुडाचंच म्हणेन.

रंकाळ्याकाठी

सगळ्यांचे आभार. दोन दिवस बसून ऑर्डरनंतरचा भाग पुन्हा लिहिला. ‘घरपोच’ ठेवलंय, चटणीवाली, कारण ती तेच म्हणेल. बाकी बदललं.

*

...‘चालेल,’ बाई म्हणाल्या.

सकाळी वैजू पिंजर आणायला निघाली तेव्हा आज्जी उंबऱ्यातून म्हणाली, “पाणी दाखवलंस का?”

“गडबड हाय आज्जी. बाई वाट बघत्यात.”

“त्यांचं दूध हाय. आपलं पाणी हाय. आधी आपलं.”

आठही गाडगी काहिलीत गेली. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, आधी भराभर, मग एकेक. दुसऱ्या दिवशी तिनं ती काढून सावलीत मांडली. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी एकाच्या पोटावर नखाएवढा खळगा होता आणि त्याच्या मधोमध तांदळाच्या कणीसारखं पांढरं. चकती खाली पडली होती. तिनं ती उचलून खळग्यात लावून बघितली, नेमकी बसली. पाचव्या दिवशी दुसरं गेलं. सहाव्या दिवशी तिसरं, आतल्या अंगाला.

पाच राहिली. तिनं एकेक तळहातावर घेऊन वाजवलं. पाचही बोलली.

बाईंना फोन करायला हवा होता. नंबर समोर होता. तिनं अंगठा त्यावर नेला आणि काढून घेतला, दोनदा. मग तिसऱ्या गाडग्याचा फोटो काढला, आतून, पांढरा ठिपका दिसेल असा, आणि खाली लिहिलं: ‘तीन गेली. पाच हायत. एक पुढच्या आव्यातलं पाठवतो, पंधरा दिवस लागतील. नको असलं तर तसं सांगा.’

थोड्या वेळानं आणखी एक ओळ लिहिली: ‘घरपोच मी चुकून म्हटलो. कुरिअरचे 420 होतात. निम्मे तुम्ही द्याल का?’

ही ओळ पाठवायला तिला काहिलीतलं पाणी ओतून, काहील घासून, पालथी घालून यावं लागलं.

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

वैजू चाकावर बसली. मातीचा गोळा मधोमध बसवला, अंगठे आत घातले आणि बूड दाबलं. नेहमीपेक्षा दोनदा जास्त.

*

इथंच थांबवलीय. बाईंचं उत्तर लिहिलं होतं, खोडलं.

समांतर

खोडलंत ते बरं केलंत.

आक्का_शाहूपुरी

छे! मला उत्तर पाहिजे. बाई चांगल्या होत्या की.

चटणीवाली

‘निम्मे तुम्ही द्याल का’ या ओळीला मी टाळ्या वाजवल्या. मला ती ओळ लिहायला तीन वर्षं लागली. पण पूर्ण मागायला हवे होते.

नादखुळा

मेसेजमध्ये पण ‘पाठवतो’ आणि ‘म्हटलो’! आता पुण्याच्या बाई म्हणतील, हा वैजू कोण मुलगा.

गंगावेस

आठातली तीन जरा जास्त गेली. गाळलेल्या मातीत एखादं जातं. पण पोरगी मच्छरदाणीनं गाळत असेल असं धरू, मग जाऊ शकतात.

एकच सांगतो. पाण्यातनं काढलेली गाडगी बोटाला कोरडी लागली तरी बूड आतनं ओलं असतं. तशीच पिंजरात बांधली तर पुण्याला पोचेपर्यंत पिंजर कुबट होतं आणि गाडग्याला बुरशीचे काळे डाग पडतात. पाचही गाडगी बांधायच्या आधी एक दिवस उन्हात पालथी घालायला सांगा तिला.

प्राची_ठाणे

खळगा बघितला. पांढरं आहे. काका, त्या मडक्यात आता दही लावावं का, की फेकू?

गंगावेस

फेकू नका. दोन दिवस पाण्यात ठेवा, वाळवा, आणखी कुठं उडत नाही ना बघा. आतला खळगा असेल तर त्यात दही अडकून वास धरेल, म्हणून दह्याला नको. मीठ ठेवू नका, ते मडक्याला खातं. लसूण ठेवा.